मैफलीच्या पुस्तिकेत ताल, सम, आलाप इंग्रजीत कसे सांगावेत?

सायली_ब

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाची शास्त्रीय संगीताची मैफल ठरली आहे आणि कार्यक्रमपुस्तिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. येणाऱ्या श्रोत्यांपैकी निम्म्यांनी तरी आपलं संगीत समोर बसून कधी ऐकलेलं नाही. त्यांच्यासाठी एका पानावर, साधारण ३०० शब्दांत, इंग्रजीतून काही शब्द समजावून द्यायचे आहेत.

पूर्वार्धात ख्यालगायन आहे: विलंबित एकतालात बडा ख्याल, मग द्रुत तीनतालात छोटा ख्याल. उत्तरार्धात सतार: आलाप, जोड, झाला, त्यानंतर मध्य लयीत रूपकातली गत आणि शेवटी द्रुत तीनताल. राग आयत्या वेळी ठरवू असं दोन्ही कलाकारांनी कळवलंय, त्यामुळे रागांबद्दल काही छापता येणार नाही.

मी केलेला मसुदा इंग्रजीत आहे, पण इथे मराठीतच सांगते, म्हणजे चर्चा आशयावर राहील.

ताल म्हणजे ठरावीक मात्रांचं पुन्हा पुन्हा फिरणारं चक्र. सम म्हणजे त्या चक्राची पहिली आणि सर्वांत जोरकस मात्रा. आलाप म्हणजे सुरुवातीला, तबला नसताना केलेली रागाची संथ मांडणी.

यात काही राहतंय का, किंवा चुकतंय का? पान दहा दिवसांत छापायला द्यायचं आहे.

अर्धा_सूर

मसुदा छान आहे, फार बदलू नका. समेसाठी इंग्रजीत सरळ 'डाउनबीट' लिहा, त्या लोकांना लगेच कळेल. आलापाला 'प्रिल्यूड' म्हणा. तालाला 'ऱ्हिदम'. लोक गाणं ऐकायला येतात, परीक्षा द्यायला नाही.

एक भर मात्र घाला. खाली आली की डग्ग्याचा आवाज बंद होतो. तीनतालात नवव्या मात्रेला घुमारा गेला की समजायचं, निम्मं आवर्तन झालं. हे कोणालाही ऐकू येतं.

नानाकाका

सायली, तू चिन्हांबद्दल काहीच लिहिलेलं नाहीस. भातखंडे पद्धतीत समेला × आणि खालीला ० लिहितात, पलुस्करांची पद्धत निराळी. मी शाळेत संगीत शिकवत असताना मुलांना आधी चिन्हं पाठ करायला लावत असे. पुस्तिकेत तीनतालाचा पूर्ण तक्ता, विभाग पाडून, टाळी-खालीच्या खुणांसकट द्यावा. मुलांच्या वह्यांमधला एक सुबक तक्ता माझ्याकडे आहे, शोधून ठेवतो.

दायां_बायां

मी तबला वाजवतो, साथीला बसतो, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे. सायलीताई, तुमच्या तीनही वाक्यांत चूक अशी फारशी नाही. पण तुमच्याच कार्यक्रमाला ती लावून पाहिली की तिन्ही घसरतात.

आलापापासून सुरुवात करू. नवखा माणूस पुस्तिका वाचून बसला आहे. त्याला सांगितलंय की आलाप तबल्याविना असतो. गायक तानपुऱ्यावर दोन-तीन मिनिटं रागाचे सूर लावेल, मग बंदिशीचा मुखडा घेईल आणि समेवर मी ठेका धरीन. त्या माणसाच्या हिशेबाने आलाप संपला. वस्तुतः बडा ख्यालातला खरा आलाप तिथून सुरू होतो आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटं चालतो, ठेका चालू असतानाच. तो बिचारा मात्र 'आता गाणं कधी सुरू होणार' म्हणून वाट बघत बसेल.

उत्तरार्धात सतारीचा आलाप खरोखरच तबल्याविना असेल. म्हणजे एकाच संध्याकाळी, एकाच नावाच्या दोन गोष्टी त्याच्या कानावर पडणार आहेत. तुमचं वाक्य दुसरीला लागू पडतं आणि पहिली ऐकताना त्याला भलत्या वाटेला लावतं.

आता सम. 'सर्वांत जोरकस मात्रा' हे रूपकात साफ आपटतं. रूपकाचा ठेका बघा: ती ती ना, धी ना, धी ना. सात मात्रा, आणि समेवरच खाली. डग्गा पहिल्या तीन मात्रा गप्प असतो आणि चौथीवर घुमतो. ज्याला 'जोरकस ती सम' असं सांगितलंय तो चौथी मात्रा सम धरून बसेल आणि सतारिया दर वेळी तीन मात्रा आधीच का येतो, हे कोडं त्याला सुटणार नाही.

अर्धा_सूर यांच्या खालीबद्दल: दिशा बरोबर आहे, जागा थोडी सरकली. तीनतालाच्या रूढ ठेक्यात तिसरा विभाग 'धा तिं तिं ता' असा वाजतो, म्हणजे नवव्या मात्रेवर धा असतो आणि डग्गा असतो. घुमारा जातो तो दहाव्या मात्रेपासून. तेराव्या मात्रेवर टाळी आहे, पण बोल 'ता' आहे, तिथेही डग्गा नाही. घुमारा परत येतो तो चौदाव्यावर. हाताची खाली आणि कानाला ऐकू येणारी खाली यांत एका मात्रेचं अंतर पडतं. टाळी देत ऐकणारा नवखा तिथे हमखास गोंधळतो.

अर्धा_सूर

आमच्या क्लासमध्ये खाली म्हणजे डग्गा नाही असंच शिकवलं होतं. बरं, एक मात्रा इकडे-तिकडे. पण विलंबित एकतालातही हाच नियम चालतो ना?

दायां_बायां

नाही, तिथे तर अजिबात नाही. एकतालात खाली तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर धरतात. तिसऱ्या मात्रेचा बोल 'धागे', म्हणजे भरपूर डग्गा. खाली हातावर आहे, कानाला त्याचा पत्ता नाही. म्हणून पुस्तिकेत खाली हा शब्दच नको असं माझं मत. एका पानात तो नीट सांगता येत नाही आणि अर्धवट सांगितला तर त्रासच जास्त.

चिमणगाणी

ख्याल शिकते आहे, थोडी भर घालते. आलाप ठेक्याबरोबर चालतो म्हणजे प्रत्येक मात्रेला सूर बांधलेला असतो असं नाही. गायक ठेक्यावर तरंगत असतो. मध्ये कुठे मात्रा पडली याकडे त्याचं वरवर लक्ष नसल्यासारखं वाटतं, पण आवर्तन संपायला आलं की तो बंदिशीच्या मुखड्याकडे वळतो आणि मुखड्याचं ठरलेलं अक्षर नेमकं समेवर ठेवतो. आमच्या बाई म्हणतात, बाकी सगळं आवर्तन तुझं, शेवटची दीड मात्रा तबलजीची.

घराण्याप्रमाणे प्रमाण बदलतं. आग्रा घराण्यात ख्यालाआधी बराच वेळ नोमतोमचा आलाप, तबल्याविना, करण्याची चाल आहे. फैयाज खाँसाहेबांचं गाणं त्यासाठी प्रसिद्ध होतं. किराण्याकडे सुरुवातीचा औचार छोटा, आणि सगळा विस्तार ठेक्यासोबत. जयपूरवाले विलंबितातही लय फार खाली नेत नाहीत, त्यामुळे तिथे आवर्तनं भरभर संपतात. तुमचा गायक कोणत्या पठडीतला आहे त्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय होईल हे ठरेल. त्यांनाच विचारा.

सायली_ब

विचारलं. किराण्याच्या वळणाचं गाणं आहे, सुरुवातीचा औचार तीन मिनिटांच्या आत. म्हणजे दायां_बायां म्हणतात तोच प्रसंग.

मग असं करू का? आलापाच्या व्याख्येतून 'तबला नसताना' काढून टाकते. समेचं काय करू ते कळत नाहीये. 'जोरकस' नाही, तर मग काय? नुसतं 'पहिली मात्रा' लिहिलं तर ते ऐकणाऱ्याला सापडणार कसं?

नानाकाका, तक्त्याचा विचार केला होता. पण × हे चिन्ह इंग्रजी वाचणाऱ्याला 'चूक' किंवा 'गुणिले' वाटेल, आणि ते समजावण्यातच चार ओळी जातील.

पियानोवाली

मी पाश्चात्त्य संगीत शिकले आहे, त्यामुळे त्या बाजूने सांगते. 'डाउनबीट' वाचलं की आमच्या डोक्यात 'बार' येतो. बार म्हणजे दोन-चार सेकंदांचा तुकडा. त्याची पहिली मात्रा इतक्या लवकर लवकर येते की ती शोधावी लागत नाही, अंगात भिनते. आणि ती सुरुवात असते. ओळ तिथून निघते.

तुमच्याकडे मला सुरुवातीला दोन धक्के बसले. एक म्हणजे लांबी. मी पहिल्यांदा विलंबित ऐकलं तेव्हा मला चक्र आहे हेच कळलं नव्हतं, कारण इतक्या वेळाचं काही चक्र असू शकतं ही कल्पनाच नव्हती. दुसरं म्हणजे सम ही सुरुवात कमी आणि पोचण्याची जागा जास्त आहे. गाणारा तिथे येऊन टेकतो, तबला तिथे येऊन टेकतो, आणि ऐकणारे मान डोलावतात. 'डाउनबीट' म्हटलं की हे पोचणं निघून जातं. म्हणून तो शब्द नको.

दायां_बायां, विलंबित एकतालाचं एक आवर्तन किती सेकंदांचं असतं? आकडा दिलात तर लोकांना अंदाज येईल.

दायां_बायां

गायकावर अवलंबून, पण तुमच्या बैठकीसाठी हिशेब करू. एका मात्रेला चार सेकंद धरा. बारा मात्रा, म्हणजे ४८ सेकंद. लय आणखी खाली असेल, मात्रेला पाच सेकंद, तर पूर्ण मिनिट. अर्धा तास बडा ख्याल चालला तर सम साधारण ३५ ते ४० वेळा येईल, आणि तेवढ्याच वेळा मुखडा. लय हळूहळू चढते, त्यामुळे शेवटची आवर्तनं पहिल्यांपेक्षा छोटी असतात.

लगेच त्यानंतरचा द्रुत तीनताल बघा. मिनिटाला २४० मात्रांची लय असेल तर सोळा मात्रा चार सेकंदांत संपतात. म्हणजे मघाशी ज्या वेळात एक मात्रा जात होती त्याच वेळात आता अख्खं आवर्तन. 'चक्र' हा एकच शब्द दोन्हीला लावला आणि फरक सांगितला नाही, तर वाचणाऱ्याला दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट शोधायची आहे हे कळणार नाही.

तुम्ही पहिल्यांदा चक्र आहे हे ओळखलं नाही यात नवल नाही. मात्रा इतकी लांब झाली की ठेक्याच्या दोन बोलांमधली जागा आम्ही भरतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ही भरण्याची लयच खरी लय.

रसिक_बंडू

घड्याळाची उपमा द्या! एकताल बारा मात्रांचा, घड्याळ बारा तासांचं. काटा बारावर आला की जुना फेरा संपतो आणि त्याच क्षणी नवा सुरू होतो. पियानोवाली म्हणतात तेच, पोचणं आणि निघणं एकत्र. चित्रही काढता येईल.

पियानोवाली

उपमा आवडली, पण तीनतालाला आणि रूपकाला लोक पुन्हा बाराच मोजतील ही भीती आहे. आणि घड्याळाचा काटा कधी घाई करत नाही, गायक मुखड्याजवळ करतात. चित्र चालेल, आकडे नकोत. नुसतं वर्तुळ आणि त्यावर एक ठिपका.

चिमणगाणी

सायलीताई, सम सापडणार कशी याचं उत्तर मघाशीच येऊन गेलंय. मुखडा! समेची ओळख तबल्यावरून करून देऊ नका, गाण्यावरून द्या. बडा ख्यालात एक ओळ अशी असते की ती दर आवर्तनाच्या शेवटी परत येते, त्याच चालीत, त्याच शब्दांत. भाषा येत नसली तरी ती दोन-तीनदा ऐकल्यावर कोणाच्याही कानाला ओळखीची होते. ती ओळ जिथे टेकते तिथे सम. श्रोत्याला एकही मात्रा मोजावी लागत नाही.

तुमच्या यादीत मुखडा हा शब्द नाही. माझ्या मते नवख्या श्रोत्याला सर्वांत आधी तोच हवा.

दायां_बायां

हे अगदी बरोबर, आणि सतारीलाही लागू. गतीलाही मुखडा असतो. तोडा वाजवून झाला की सतारिया त्या मुखड्यावर परत येतो. विलंबित मसीतखानी गतीत तर तो बाराव्या मात्रेपासून उचलतात आणि पाच मात्रा चालून समेला पोचतात. तुमच्याकडे विलंबित गत नाही, पण कल्पना तीच.

ज्यांचे कान थोडे तयार आहेत त्यांच्यासाठी एकतालातली एक खूण देतो, छापायची की नाही ते तुम्ही ठरवा. विलंबित एकतालात 'तिरकिट' हा बोल ठळक ऐकू येतो, चार आघात पाठोपाठ, बाकीच्या संथ ठेक्यात वेगळा उठून. पण तो आवर्तनात दोनदा येतो, चौथ्या मात्रेला आणि दहाव्याला. नवशिके नेमके इथे फसतात, पहिल्या तिरकिटालाच वाटतं की आता सम आली. फरक त्याच्या पुढच्या बोलांत आहे. पहिल्यानंतर 'तू ना' येतं, डग्ग्याविना, कोरडं. दुसऱ्यानंतर 'धी ना' येतं, डग्ग्यासकट, आणि ते दोन बोल संपले की सम. गायकही त्याच सुमाराला मुखडा उचलतो. तिरकिटानंतर डग्गा घुमला की सावरून बसा.

सायली_ब

हे मला स्वतःला माहीत नव्हतं! इतकी वर्षं तिरकिट ऐकते आहे. रात्री एक ध्वनिमुद्रण लावून ताडून पाहिलं, दोन आवर्तनांनंतर जमायला लागलं. पुस्तिकेत घालायचं की नाही यावर विचार करते. नवख्या माणसाला 'तिरकिट' कुठला हे ओळखता येईल का, शंका आहे.

खर्डेघाशी

मुद्रितशोधन करते, त्यामुळे माझी अडचण वेगळी. 'सम' इंग्रजीत कसं लिहिणार? एस-ए-एम लिहिलं की सगळे 'सॅम' वाचणार आणि तो कोणी गृहस्थ वाटणार. शेवटी आणखी एक 'ए' जोडला तर 'समा' होतं. बेरजेसाठी इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा उच्चार आपल्या समेच्या जवळ जातो, म्हणून पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'अमुक शब्दासारखा उच्चार करा' असं लिहावं. तालालाही एक 'ए' दिला तर 'टॅल' होईल, दोन द्याव्यात. आणि एक काय ते ठरवून सगळीकडे तेच ठेवा. मागे एका पुस्तिकेत एकाच पानावर तालाची तीन रूपं माझ्या हाताखालून गेली होती.

अर्धा_सूर

उच्चाराच्या भानगडीत पडण्यापेक्षा मूळ शब्द वगळूनच टाका की. 'मीटिंग पॉइंट' लिहा. कलाकार मंचावरून थोडेच 'सम' म्हणणार आहेत?

चिमणगाणी

म्हणतात हो. आमच्याकडे गायक मध्ये थांबून दोन वाक्यं बोलतात आणि त्यात सम, मुखडा, तिहाई सगळं येतं. शिवाय शेजारी बसलेला जाणकार हातवारे करत 'सम' पुटपुटतोच. शब्द ओळखीचा असलेला बरा.

खर्डेघाशी

'मीटिंग पॉइंट' मध्ये मला कचेरीचा वास येतो. पण माझं मत एवढंच, मूळ शब्द तिरप्या ठशात आणि अर्थ वाक्यात मुरवलेला. कंसात अर्थ देत गेलात तर पान कोशासारखं दिसेल.

नानाकाका

तक्ता सापडला. सोळा मात्रा, चार रकाने. बारीक अक्षरात मागच्या पानावर बसेल. तिहाईचंही गणित मुलांना फार आवडायचं, ते घाला. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एक-एक मात्रा मोकळी. पाच, एक, पाच, एक, पाच, सतरा होतात. मुलं ओरडायची, सर ताल सोळाचा आहे! मग सांगायचं, सतरावी म्हणजेच पुढची सम.

पियानोवाली

नानाकाका, हे मला कोणी असं सांगितलंच नव्हतं. सतरा ही सोळाची गोष्ट आहे हे कळल्यावर सम पोचण्याची जागा का, तेही कळलं. पण तक्ता नको, हे एवढंच वाक्य असावं: एखादा तुकडा तीनदा हुबेहूब ऐकू आला तर तिसऱ्याच्या शेवटच्या आघातावर लक्ष ठेवा, ती सम असण्याची शक्यता फार मोठी आहे. हे कोणालाही पकडता येतं.

दायां_बायां

सहमत. 'शक्यता' हा शब्द ठेवलात ते बरं केलंत. कधी तिहाई समेवर न येता मुखड्याच्या उठावावर येते आणि मुखडा पुढे समेवर जातो. कधी मुद्दाम समेच्या किंचित आधी किंवा नंतर येऊन चकवतात, आणि जाणकार हसतात. नवख्याला वाटतं कोणीतरी चुकलं.

रूपकाबद्दल आणखी एक. मी वर म्हटलं की समेवर डग्गा नसतो, ते ठेक्यापुरतं. तिहाई येऊन पडते तेव्हा समेवर बहुधा दणदणीत धा असतो. म्हणजे त्या गतीत ठेक्यावरून सम ओळखू गेलात तर हुकेल, तिहाईवरून किंवा मुखड्यावरून गेलात तर सापडेल.

सायली_ब

सगळ्यांचं ऐकून मसुदा पुन्हा लिहिला. आता कोशासारखा नाही, संध्याकाळ जशी घडेल त्या क्रमाने. पुन्हा मराठीतच देते.

"पूर्वार्धाच्या सुरुवातीला गायक तबल्याविना काही मिनिटं रागाचे सूर एक-एक करून उलगडेल. याला आलाप म्हणतात. तबला सुरू झाला तरी आलाप संपत नाही. आता तो एका लांब चक्राच्या आत चालू राहतो. या चक्राला ताल म्हणतात, आणि पहिल्या रचनेत त्याचा एक फेरा पूर्ण व्हायला जवळजवळ मिनिट लागेल. मात्रा मोजू नका. त्याऐवजी एक छोटी ओळ परत परत येते ती ओळखा. तिला मुखडा म्हणतात. मुखडा जिथे टेकतो, आणि गायक व तबला एकत्र पोचतात, ती सम. फेरा तिथे संपतो आणि तिथूनच सुरू होतो. आसपासचे श्रोते त्या क्षणी मान डोलावताना किंवा हात खाली आणताना दिसतील.

"दुसरी रचना द्रुत आहे. हेच चक्र आता काही सेकंदांत पूर्ण होईल आणि सम सतत येत राहील.

"उत्तरार्धात सतारीचा आलाप पूर्णपणे तबल्याविना असेल. काही वेळाने त्यात ठोका जाणवू लागेल, पण चक्र अजून नसेल. तबला आल्यावर चक्र सुरू होईल. तिथल्या पहिल्या रचनेत सम तबल्याच्या सर्वांत हलक्या आघातावर येते, म्हणून तबल्याच्या जोराकडे न पाहता सतारीची परत येणारी ओळ ऐका. एखादा तुकडा तीनदा हुबेहूब वाजला तर तिसऱ्याच्या शेवटाकडे लक्ष द्या."

इंग्रजीत हे मूळच्या ३०० शब्दांत बसतंय. तिरकिट वगळलं.

दायां_बायां

जोडाचं वाक्य मला विशेष आवडलं. ठोका आहे पण चक्र नाही, हे बहुतेक पुस्तिकांत राहून जातं आणि लोक जोडालाच ताल समजतात.

एकच बदल. 'सर्वांत हलक्या आघातावर' म्हणू नका. रूपकाचा ती हलका नसतो, बोटाखाली चांगला वाजतो, फक्त त्यात घुमारा नसतो. 'खोल आवाज नसलेल्या आघातावर' लिहा.

आणि तिरकिट वगळल्याबद्दल थोडं वाईट वाटलं, पण ठीक.

अर्धा_सूर

वाचायला सोपं झालंय, मान्य. तरी 'मात्रा मोजू नका' हे पटत नाही. आमच्याकडचे पाहुणे मोजायला फार उत्सुक असतात, टाळ्या द्यायला मजा येते त्यांना. द्रुत तीनतालापुरता तरी १, ५, १३ टाळी आणि ९ ला हात बाजूला, एवढं द्या.

चिमणगाणी

द्रुतात, चार सेकंदांच्या आवर्तनात, नवखा टाळी देणार? आणि हाताची आणि कानाची खाली जुळत नाही हे वर आलंच आहे. मध्य लयीतला तीनताल असता तर मी हो म्हटलं असतं.

रसिक_बंडू

मोजणाऱ्यांना मोजू द्या, पण आवाज न करता. मागच्या रांगेत एकदा एक गृहस्थ भलत्याच ठिकाणी दणक्यात टाळी देत होते, तबलजींनी शेवटी त्यांच्याकडे पाहिलं.

सायली_ब

टाळीबद्दल कलाकारांनाच विचारते, त्यांना चालत असेल तर निवेदनात सांगता येईल, छापायला नको. दायां_बायां, आघाताचं वाक्य बदललं. वर्तुळ आणि ठिपका असं चित्र घेतलंय. नानाकाका, तक्ता मंडळाच्या फलकावर लावू, प्रवेशाजवळ, चालेल का?

अडचण एक उरली आहे. सतारवादकांचा आज निरोप आला की रूपकाऐवजी झपतालही वाजवू शकेन, त्या दिवशी बघू. झपतालात सम डग्ग्यासकट येते ना? मग ते वाक्य उलटं पडेल.

दायां_बायां

हो, झपतालात पहिलाच बोल 'धी', डग्ग्यासकट. घुमारा जातो तो सहाव्या-सातव्या मात्रेला, 'ती ना' वर. वाक्याचा उत्तरार्ध, म्हणजे परत येणारी ओळ ऐका, हा दोन्ही तालांना चालतो. पूर्वार्ध छापू नका, निवेदकाला चिठ्ठीवर लिहून द्या, रूपक वाजवायचं ठरलं तरच वाचायचा.

खर्डेघाशी

आणि तालांची नावं कार्यक्रमाच्या यादीतूनही काढा मग. एकताल राहू दे, तो नक्की आहे ना?

सायली_ब

तो नक्की. निदान आज सकाळपर्यंत तरी होता.

नानाकाका

फलकावर चालेल. पण फलक दिव्याखाली लावा, माझं अक्षर बारीक आहे.